‘याचे भाषांतर करा’

(हातात स्कॅन केलेली पाने देऊन कोणी एवढेच सांगितले की ‘याचे भाषांतर करा’, तर कामाला सुरुवात कोठून करावी? उर्दूतील विज्ञानाच्या एका प्रकरणाचे उदाहरण घेऊन या पाठात त्याची माहिती दिली आहे.)

समजा, तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी पाच पाने तुमच्या हाती दिली. उर्दूतील विज्ञानाच्या एका पुस्तकातले ‘तेजाब, असास और नमक’ हे प्रकरण कोणीतरी स्कॅन केले आणि त्याची छापील प्रत काढली, ती ही पाने. शिक्षक म्हणाले, “याचे मराठीत भाषांतर करा,” आणि पुढच्या तासाला निघून गेले.

हे वाक्य लहान आहे, पण त्यात बरेच काही सांगायचे राहून गेले आहे. भाषांतर कोणासाठी करायचे? सगळ्या पानांचे की फक्त धड्याचे? आकृतीतील नावांचे काय? प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे लिहायची की काय?

शिक्षक भेटले तर त्यांना दोनच प्रश्न विचारावेत. हे कोण वाचणार आहे, आणि वाचून तो काय करणार आहे? मराठी माध्यमाच्या नववीतील मुले यावरून प्रयोग करणार असतील, तर त्यांच्या पुस्तकातले शब्द वापरायला हवेत. एखाद्या पालकांना फक्त धड्यात काय आहे ते कळायला हवे असेल, तर भाषा अधिक सोपी करता येईल. शिक्षक भेटलेच नाहीत, तर प्रकरण पाठ्यपुस्तकातले असल्यामुळे ते त्याच इयत्तेच्या मराठी विद्यार्थ्यासाठी आहे असे धरावे, आणि तसे पहिल्या पानाच्या वर एका ओळीत लिहून ठेवावे. म्हणजे आपण काय गृहीत धरले ते वाचणाऱ्याला कळते.

दुसरी गोष्ट, प्रकरण म्हणजे संपूर्ण प्रकरण. शीर्षक, कृती, तक्ता, आकृतीतील नावे, सूचना आणि शेवटचे प्रश्न हे सर्व त्यात येते. ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ असे पानावर असेल, तर ती सूचना पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, भाषांतर करणाऱ्यासाठी नाही. आपण त्या वाक्याचे भाषांतर करायचे, उत्तरे लिहायची नाहीत. मात्र ग्रंथालयाचा शिक्का किंवा कोणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलेली टीप हा प्रकरणाचा भाग नव्हे. ती सोडून द्यावी.

आधी पान नीट वाचावे

उर्दू लिपीत ठिपक्यांना, म्हणजे नुक्त्यांना, किती महत्त्व आहे हे तुम्हांला सांगायला नको. स्कॅन करताना पान हलले किंवा कागद मळलेला असला, की हेच ठिपके नाहीसे होतात किंवा नको तेथे उमटतात. ‘तेज’ आणि ‘नीज’ हे दोन शब्द उर्दूत लिहून पाहा. फरक फक्त पहिल्या अक्षरावरच्या ठिपक्यांचा आहे. पहिल्याचा अर्थ जलद किंवा तीव्र, दुसऱ्याचा अर्थ ‘तसेच’. एक ठिपका पुसला गेला तर वाक्याचा अर्थ बदलतो.

आकड्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. उर्दू अंकांत शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. तो पुसट झाला की ९० चे ९ होतात, आणि कागदावरचा एखादा डाग शून्यासारखा दिसला की ९ चे ९० होतात. दोन आणि तीन या अंकांतही एका लहानशा दात्याचा फरक असतो. शब्द चुकला तर वाक्य विचित्र वाटते आणि आपण थांबतो. आकडा चुकला तर वाक्य तसेच सरळ वाटते, म्हणून चूक लक्षात येत नाही.

अशा वेळी अंदाजाने आकडा लिहू नये. तोच आकडा प्रकरणात दुसरीकडे आला आहे का ते पाहावे. कृतीमध्ये पाण्याचे माप पुसट असेल, तर वरच्या साहित्याच्या यादीत ते पुन्हा दिलेले असते. कधी शेवटच्या प्रश्नात असते, कधी आकृतीतील चंचुपात्रावर असते. दोन ठिकाणी एकच आकडा सापडला तर तो लिहावा. कोठेच सापडला नाही, तर चौकटी कंसात [आकडा अस्पष्ट] असे लिहावे आणि शिक्षकांना मूळ पुस्तक पाहायला सांगावे. रिकामी जागा वाचणाऱ्याला सावध करते, चुकीचा आकडा मात्र त्याला फसवतो.

पारिभाषिक शब्द कोठे शोधावेत?

आता शब्दांकडे वळू. रोजच्या बोलण्यात उर्दू आणि मराठी यांत शेकडो शब्द सारखे आहेत. दरवाजा, कागद, दुकान, जमीन हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. विज्ञानाच्या शब्दांचे तसे नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू असणार होते. त्यासाठी १९१७ साली तेथे भाषांतराची एक स्वतंत्र संस्था सुरू झाली. तिला ‘दारुत्तर्जुमा’ म्हणत. तेथे पुष्कळसे शास्त्रीय शब्द अरबी आणि फारसीच्या आधाराने तयार झाले. मराठीतले शास्त्रीय शब्द बहुतेक संस्कृतच्या आधाराने झाले. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यावर राज्य शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. या कार्यालयाने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. त्यामुळे ‘महलूल’ या शब्दावरून ‘द्रावण’ हा शब्द कानाने ओळखता येत नाही. तो शोधावाच लागतो.

शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग तुमच्या घरातच आहे. बालभारतीची विज्ञानाची पुस्तके मराठीत निघतात तशी उर्दूतही निघतात. त्याच इयत्तेची दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवा. आकृत्या त्याच, समीकरणे तीच, प्रकरणांचा क्रमही तोच. उर्दू पुस्तकात आकृतीखाली जो शब्द आहे, त्याच्या जागी मराठी पुस्तकात कोणता आहे ते पाहा. अशा रीतीने अर्ध्या तासात वीस-पंचवीस शब्दांची यादी तयार होते. तुमच्या हातातली पाने दुसऱ्या एखाद्या पुस्तकातली असतील, तर उर्दू शब्द थोडे वेगळे असू शकतात. कोणी ‘तेजाब’ लिहितो, कोणी ‘तुर्शा’. मराठीत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द घ्यावा, तो म्हणजे ‘आम्ल’. एकदा यादीत लिहिला की तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा. पहिल्या पानावर ‘आम्ल’ आणि तिसऱ्या पानावर ‘तेजाब’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ते दोन वेगळे पदार्थ वाटतील.

आपल्या प्रकरणातील काही शब्द पाहू. तेजाब म्हणजे आम्ल. असास म्हणजे आम्लारी. महलूल म्हणजे द्रावण. तादील, म्हणजे आम्ल व आम्लारी एकमेकांचा गुण नाहीसा करतात ती क्रिया, तिला मराठीत उदासिनीकरण म्हणतात. लिटमस, सोडियम, क्लोरीन ही नावे तशीच राहतात, फक्त देवनागरीत लिहावी लागतात. रासायनिक सूत्रांना तर हातच लावायचा नाही:

NaOH + HCl → NaCl + H₂O

सारखे वाटणारे शब्द

कठीण शब्दापुढे आपण थांबतो आणि कोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र आपल्याला न थांबवता पुढे नेतो, आणि चुका तेथेच होतात.

‘नमक’ हा शब्दच घ्या. प्रकरणात एके ठिकाणी आहे, ‘खाने का नमक पानी में हल कीजिए.’ येथे नमक म्हणजे मीठ. पुढे आहे, ‘तेजाब और असास के तआमुल से नमक और पानी बनते हैं.’ येथे ‘मीठ’ लिहून चालणार नाही. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जे पदार्थ तयार होतात, त्या सर्वांना मराठीत क्षार म्हणतात. खायचे मीठ हा त्यांतील एक क्षार. तिसऱ्या ठिकाणी आहे ‘नमक का तेजाब’. हे तर मीठही नाही आणि क्षारही नाही. उर्दूतील हे जुने नाव हायड्रोक्लोरिक आम्लाचे आहे. एकाच शब्दाला एकाच प्रकरणात तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहावे लागले. म्हणून यादीत केवळ शब्द लिहून भागत नाही, त्याच्यापुढे तो कोणत्या अर्थाने आला तेही लिहावे.

‘क्षार’ लिहिताना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. तुम्ही हिंदीही शिकता. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे अल्कली, ज्याला मराठीत ‘अल्क’ म्हणतात, आणि मराठीतील क्षाराला हिंदीत ‘लवण’ म्हणतात. म्हणजे लिपी तीच, अक्षरे तीच, पण पदार्थ वेगळा. असेच ‘अणू’चे आहे. उर्दूतील ‘जौहर’ म्हणजे मराठीत अणू, आणि ‘सालमा’ म्हणजे रेणू. हिंदीत मात्र जौहरला ‘परमाणु’ म्हणतात आणि सालम्याला ‘अणु’. जो हिंदी कोश पाहून मराठी लिहील, तो रेणूच्या जागी अणू लिहील. म्हणून मराठी शब्दासाठी मराठीच पुस्तक पाहावे.

उर्दू आणि मराठी यांतही असे शब्द आहेत. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे गती, मराठीत ‘हरकत’ म्हणजे आक्षेप. उर्दूत ‘शक्ल’ म्हणजे आकृती, मराठीत ‘शक्कल’ म्हणजे युक्ती. ‘कीमियाई अमल’ यातील ‘अमल’चा उच्चार ‘आम्ल’च्या जवळचा आहे, पण त्याचा अर्थ प्रक्रिया.

यावर उपाय एकच. शब्दाचा आवाज ऐकून थांबू नये, त्याची व्याख्या वाचावी. उर्दू पुस्तकातील व्याख्या आणि मराठी पुस्तकातील व्याख्या एकाच पदार्थाचे वर्णन करत असतील, तरच ते दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येतात.

एक महत्त्वाचे वाक्य

आता प्रकरणातील ज्या कृतीत चूक झाली तर इजा होऊ शकते, ती कृती पाहू. ही कृती शिक्षक स्वतः करून दाखवतात. उर्दूत ती अशी आहे :

‘दस मिलीलीटर मुरतकिज गंधक का तेजाब नव्वे मिलीलीटर पानी में आहिस्ता आहिस्ता मिलाइए. पानी को तेजाब में हरगिज न मिलाइए. इस तरह हल्का तेजाब तैयार होगा.’

घाईने केलेले भाषांतर असे होईल : ‘दहा मिलिलीटर कडक गंधकाचा तेजाब नव्वद मिलिलीटर पाण्याबरोबर हळूहळू मिसळा. पाण्याला तेजाबात हरगिज न मिसळा. अशा प्रकारे हलका तेजाब तयार होईल.’

एकेक शब्द तपासू. ‘गंधक का तेजाब’ म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. मराठी पुस्तकात हेच नाव आहे. ‘मुरतकिज’ म्हणजे ज्यात पाणी फार थोडे आहे असे, त्याला मराठीत ‘संहत’ म्हणतात. ‘हल्का’ म्हणजे वजनाने हलका नव्हे, पुष्कळ पाणी घातलेला. त्याला ‘विरल’ म्हणतात. ‘कडक’ हा शब्द येथे घातक आहे, कारण त्यातून संहत आणि तीव्र हे दोन्ही अर्थ निघतात, आणि रसायनशास्त्रात हे दोन वेगळे गुण आहेत. द्रावणात आम्ल किती आणि पाणी किती, यावरून ते संहत की विरल हे ठरते. पाण्यात त्या आम्लाचे आयन किती प्रमाणात सुटे होतात, यावरून ते तीव्र की सौम्य हे ठरते. हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी घातले तरी ते तीव्र आम्लच राहते, फक्त विरल होते. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल संहत असले तरी सौम्यच असते.

आता क्रम पाहा. मूळ वाक्यात आम्ल ‘पाण्यात’ घालायचे आहे. भाषांतरात ‘पाण्याबरोबर’ झाले, आणि कशात काय घालायचे हेच नाहीसे झाले. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना खूप उष्णता बाहेर पडते. आम्ल पुष्कळ पाण्यात थोडे थोडे घातले, तर ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलट आम्लावर पाणी ओतले, तर पाणी हलके असल्यामुळे वरच राहते, तेथेच एकदम उकळते, आणि आम्लाचे थेंब उडून डोळ्यांवर व हातांवर येतात. ‘पाण्यात’ आणि ‘आम्लात’ या दोन शब्दांच्या शेवटच्या ‘त’वर ही सारी सूचना उभी आहे.

दुसऱ्या वाक्यातील ‘न’ हे एकच अक्षर सोडून गेलो, तर मनाई करणारे वाक्य आज्ञा करणारे होईल. मराठीत आदरार्थी आज्ञेचा नकार ‘न मिसळा’ असा होत नाही, तो ‘मिसळू नका’ असा होतो. आणि ‘पाण्याला’ हेही मराठी वळण नव्हे. निर्जीव वस्तू कर्म असेल तर मराठीत तिला सहसा ‘ला’ लागत नाही.

सुधारलेले भाषांतर असे : ‘१० मिलिलीटर संहत सल्फ्युरिक आम्ल ९० मिलिलीटर पाण्यात हळूहळू मिसळा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. अशा प्रकारे विरल आम्ल तयार होईल.’

तक्ता आणि आकृती

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यामुळे उर्दू तक्त्यातील पहिला रकाना उजव्या टोकाला असतो. मराठीत तो डाव्या टोकाला यायला हवा. शीर्षके वाचून डावीकडून लिहिली आणि आतील नोंदी मात्र पानावर दिसतात तशा डावीकडून उतरवल्या, तर रकाने उलटेपालटे होतात. आपल्या प्रकरणातील तक्ता मराठीत असा हवा :

| पदार्थ | निळा लिटमस | तांबडा लिटमस |
|---|---|---|
| लिंबाचा रस | तांबडा होतो | बदल नाही |
| साबणाचे पाणी | बदल नाही | निळा होतो |
| मिठाचे पाणी | बदल नाही | बदल नाही |

रकाने उलटले, तर ‘पदार्थ’ या रकान्यात ‘बदल नाही’ आणि ‘तांबडा लिटमस’ या रकान्यात ‘लिंबाचा रस’ असे येईल. अशी अर्थहीन नोंद दिसली की तक्ता उलटला आहे हे ओळखावे. आकृती मात्र उलटवायची नसते. ती आहे तशीच राहते, फक्त प्रत्येक रेषेच्या टोकाला त्याच भागाचे मराठी नाव लिहायचे. समीकरणही उर्दू पानावर डावीकडूनच वाचायचे असते, म्हणून तेही फिरवू नये.

मूळ पुस्तकातच चूक असली तर? समजा, तेथेच छापले आहे की लिंबाच्या रसाने तांबडा लिटमस निळा होतो. हे चूक आहे हे तुम्हांला माहीत आहे, तरी गुपचूप बदलू नये. जसे आहे तसे भाषांतर करून शेजारी [मुळात असेच आहे, तपासावे] असे लिहावे. मग निर्णय शिक्षक घेतील.

काम झाल्यावर मूळ पाने बाजूला ठेवा आणि आपले भाषांतर मराठी शाळेतल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. कृती वाचून त्याने आपल्या शब्दांत सांगावे, ‘आधी पाणी घेतो, मग त्यात आम्ल घालतो.’ तो उलटे सांगू लागला, तर दोष त्याच्या वाचण्यात नाही, आपल्या वाक्यात आहे. ते वाक्य पुन्हा लिहावे. त्यानंतर शब्दांची यादी भाषांतराच्या शेवटी जोडून पाने शिक्षकांकडे द्यावीत.

शब्दार्थ

पारिभाषिक शब्द – एखाद्या शास्त्रात ठरावीक अर्थाने वापरला जाणारा शब्द
गृहीत धरणे – खरे मानून चालणे
समास – पानाच्या कडेची कोरी जागा
चंचुपात्र – प्रयोगशाळेतील चोच असलेले काचेचे भांडे
संहत – ज्यात पाणी फार कमी आहे असे
विरल – ज्यात पाणी पुष्कळ आहे असे
रकाना – तक्त्यातील उभा भाग
मनाई – बंदी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाषांतर सुरू करण्यापूर्वी कोणते दोन प्रश्न विचारावेत?
(आ) आकडा वाचता आला नाही तर काय लिहावे?
(इ) ‘नमक का तेजाब’ याला मराठीत काय म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) आम्लात पाणी ओतू नये.
(आ) मराठी शब्दासाठी हिंदी कोशावर अवलंबून राहू नये.
(इ) उर्दू तक्ता मराठीत लिहिताना रकान्यांचा क्रम बदलावा लागतो.

३. फरक सांगा.
(अ) संहत आम्ल – तीव्र आम्ल
(आ) मीठ – क्षार

४. मराठीत भाषांतर करा.
(अ) गर्म पानी को बोतल में हरगिज न डालिए.
(आ) शक्ल देखकर जौहर और सालमे का फर्क बताइए.

५. तुमच्या उर्दू विज्ञान पुस्तकातील कोणतेही एक पान घ्या. त्याच इयत्तेच्या मराठी पुस्तकाच्या मदतीने त्यातील दहा पारिभाषिक शब्दांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ लिहा.